परिपाठातलं कार्बनचक्र: एका भाषणाची तयारी आणि एक न जुळणारा हिशोब

चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या पट्ट्यात आमची शाळा आहे, मी तिथे आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन, त्या दिवशी परिपाठात एक विद्यार्थी सात-आठ मिनिटं बोलतो असा आमच्याकडे नेम आहे. या वेळी नववीतल्या एका मुलीने कार्बनचक्र घेतलं. तिचं चित्र चांगलं आहे, पुस्तकात आकृती आहेच, म्हणजे मोठ्या शीटवर आकृती काढायची आणि ती समजावून सांगायची, इतकं सरळ वाटलं होतं आम्हा दोघींना. त्यात पंधरा दिवस गेले. ते का गेले आणि शेवटी आकृती कशी बदलली ते सगळं लिहून ठेवतेय, कारण हाच विषय दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेत घेतला जातो आणि चुका जवळपास त्याच होतात.

तिची पहिली शीट दिसायला सुंदर होती. वर सूर्य, डावीकडे झाड, झाडाखाली गाय, उजवीकडे धुराडं आणि कार, खाली निळा समुद्र. मधे ढगात सीओटू लिहिलेलं आणि सगळीकडून ढगाकडे आणि ढगातून सगळीकडे हिरवे बाण, सगळे एकाच जाडीचे. भाषण साधारण असं, की झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात, प्राणी सोडतात, कारखाने, वाहनं आणि माणसांचं श्वसन यामुळे त्याचं प्रमाण वाढतं, ओझोनला छिद्र पडतं, म्हणून झाडे लावा झाडे जगवा.

पहिल्या रंगीत तालमीला मी तिला एवढंच विचारलं, की यातला एखादा बाण तू पुसून टाकलास तर काय बदलेल? ती बराच वेळ शीटकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, कोणताही पुसला तरी चित्र तसंच वाटतं." मला वाटतं या आकृतीची खरी अडचण हीच आहे. गाईच्या श्वासाचा बाण आणि धुराड्याचा बाण शेजारी शेजारी सारखेच काढले की बघणाऱ्याला दोन्ही एकच काम करतात असं वाटतं, आणि मग माणसं श्वास घेतात म्हणून सीओटू वाढतो हे वाक्य आपोआप तोंडात येतं, कारण चित्रच तसं सांगतंय.

ओझोन आधी काढून टाकला, तो वेगळाच विषय आहे, तिथे दोष मुख्यतः फ्रिज-एसीत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बनचा. मग श्वासाकडे आलो. तिला विचारलं सकाळी काय खाल्लंस, म्हणाली भाकर आणि वांग्याची भाजी. म्हणजे ज्वारी. ज्वारीच्या दाण्यातला कार्बन कुठून आला, तर पिकाने हवेतून ओढला, फार तर वर्षभरापूर्वी. तू ती भाकर खाल्लीस, शरीरात ती जळली आणि श्वासातून तोच कार्बन परत हवेत गेला. हवेतून घेतला, हवेत दिला, वर्षाच्या आत हिशोब बंद. माणूस दिवसाला साधारण एक किलो सीओटू सोडतो, ऐकायला केवढा तरी वाटतो, पण तेवढाच कार्बन कुठल्यातरी शेतात आधी हवेतून कमी झालेला असतो. ट्रॅक्टरचं डिझेल, खताच्या कारखान्याला लागलेलं इंधन हे वेगळं मोजायचं, पण श्वास स्वतः शिल्लक वाढवत नाही. तिने वहीत लिहिलं, "भाकरीचा कार्बन नवा, कोळशाचा जुना." हे वाक्य पुढे भाषणात जसंच्या तसं गेलं.

मग प्रश्न आला स्रोत कोण आणि सिंक कोण. वर्गातल्या मुलांना सिंक म्हटलं की स्वयंपाकघरातलं भांडी घासायचं सिंक आठवतं, तो घोळ आधी मिटवावा लागतो कारण त्या सिंकमधलं पाणी मोरीतून निघून जातं, परत येत नाही. कार्बनचं सिंक तसं नाही, ते साठवतं, आणि साठवलेलं परत येऊ शकतं. तिने झाडाखाली "सिंक" आणि गाईखाली "स्रोत" लिहिलं होतं. पण झाडसुद्धा रात्रंदिवस श्वसन करतं, पान गळून कुजलं की त्यातला कार्बन हवेत जातो, वणवा लागला की एका दुपारी जातो. मग झाड काय? तर असं एका बाणावरून ठरवायचंच नाही, वर्षभराची जमा आणि वर्षभराचा खर्च मांडायचा. आत जास्त गेलं तर त्या वर्षी सिंक, बाहेर जास्त आलं तर स्रोत. आमच्याकडचं सागाचं जंगल वाढत असेल तर सिंक, तेच तोडून जाळलं तर स्रोत.

समुद्राचंही तसंच आहे. सगळे समुद्र मिळून बघितले तर सिंक, पण आपला अरबी समुद्र वर्षाच्या हिशोबात हवेला कार्बन देतो, घेत नाही. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी लोटून देतात, खालून थंड पाणी वर येतं, त्यात खोलवर कुजलेल्या जिवांचा कार्बन विरघळलेला असतो, वर येऊन ते पाणी तापलं की वायू सुटतो, उन्हात राहिलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा. गोव्याच्या दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी हे जहाजावरून मोजलेलं आहे. भाषणात हे घेतलं नाही, सात मिनिटांत मावलं नसतं, पण तिला माहीत असावं म्हणून सांगितलं, कारण "समुद्र म्हणजे सिंक" पाठ करून गेलेल्या मुलाला कुणी एक उलटा प्रश्न विचारला की तो कोसळतो.

आता दुसरी शीट. यात ढग, झाड, समुद्र अशी चित्रं लहान केली आणि त्यांच्या जागी चौकोन काढले, प्रत्येक चौकोन म्हणजे एक साठा. हवा, झाडं, माती, समुद्र आणि जमिनीखालचं इंधन. साठ्याचा आकडा चौकोनात लिहायचा, प्रवाहाचा आकडा बाणावर. हा फरक चित्रात दिसला पाहिजे असा माझा आग्रह होता, कारण मुलं झाडांच्या चौकोनातला 450 आणि बाणावरचा 130 हे दोन आकडे शेजारी बघतात आणि सरळ बेरीज करतात, एक आकडा आहे आत्ता किती पडलंय याचा आणि दुसरा वर्षाला किती जातंय याचा.

आकडे तिने स्वतः शोधून आणले, मोबाईलवर दोन-तीन ठिकाणांहून. हवेत 890 अब्ज टन, झाडाझुडपांत 450, मातीत 1700, समुद्रात 38,000. अब्ज म्हणजे 100 कोटी. बाणांवर, झाडं हवेतून वर्षाला 130 घेतात आणि श्वसन, कुजणं, वणवे मिळून जवळपास तेवढंच परत. समुद्र 80 घेतो, 80 देतो. इंधन जाळून 37. जंगलं तोडून 1. आणि या माणसांनी टाकलेल्यापैकी जमीन 3 जास्तीचं शोषते, समुद्र 3 शोषतो, हवेत दरवर्षी 5 शिल्लक राहतात.

तिने हे सगळं पेनने ठळक करून आणलं होतं. मी म्हटलं बेरीज करून दाखव. आत आलं 37 अधिक 1, म्हणजे 38. त्याचं काय झालं, तर 3 अधिक 3 अधिक 5, म्हणजे 11. मग बाकीचे 27 कुठे गेले?

तिला वाटलं कुठलातरी चौकोन राहिला. दोन दिवस ती ते 27 शोधत होती, एकदा म्हणाली बर्फात असतील, एकदा म्हणाली ज्वालामुखीत. मी मुद्दाम लगेच सांगितलं नाही, फक्त म्हटलं प्रत्येक आकड्याच्या शेजारी एकक नीट लिही, नुसतं अब्ज टन नको, कशाचे अब्ज टन ते लिही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत धावत आली. 37 हा आकडा कार्बन डायऑक्साइडचा होता आणि बाकी सगळे नुसत्या कार्बनचे.

ही चूक इतकी सर्रास होते की मोठ्यांच्या लेखांतसुद्धा दिसते, म्हणून जरा थांबून सांगते. कार्बनच्या अणूचं वस्तुमान 12, ऑक्सिजनचं 16, सीओटूमध्ये दोन ऑक्सिजन म्हणजे 32, एकूण 44. म्हणजे 12 किलो कार्बन जळला की 44 किलो सीओटू होतो, साधारण 3.67 पट. बातम्यांत, सरकारी अहवालांत बहुतेक वेळा सीओटूचे टन असतात, चक्राच्या आकृतीत मात्र कार्बनचे, कारण झाडात तो सीओटू म्हणून नसतो, लाकूड आणि साखर म्हणून असतो, समुद्रात बायकार्बोनेट म्हणून असतो, मग मोजायला कार्बन हाच सगळीकडे सारखा राहतो. 37 ला 3.67 ने भागलं की आले 10. आता 10 अधिक 1 बरोबर 11, आणि दुसरीकडे 5 अधिक 3 अधिक 3 बरोबर 11. हे आकडे पूर्णांकात गोळा केलेले आहेत, वर्षागणिक थोडे हलतात, पण हिशोब जुळायलाच हवा. कार्बनचा अणू नाहीसा होत नाही, त्यामुळे तुमच्या आकृतीत जमा आणि खर्च जुळत नसेल तर निसर्गात काही गूढ नाहीये, तुमचा एखादा आकडा चुकलाय.

ती रकाना रकाना तपासून परत माझ्याकडे आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला हे पंधरा दिवस वसूल झाल्यासारखं वाटलं.

पण आकडे बरोबर झाले आणि नवीन अडचण उभी राहिली, आणि ती तिनेच काढली. बाण आता आकड्यांप्रमाणे जाड-बारीक काढले होते, 130 चा बाण मनगटाएवढा, 80 चा त्याहून कमी, आणि इंधनाचा 10 चा बाण करंगळीएवढा. "मॅडम, हे बघून सगळे म्हणतील की 210 च्या पुढे 10 म्हणजे काहीच नाही." बरोबरच आहे, लोक म्हणतातच तसं, निसर्ग एवढा सोडतो आणि माणसाचं एवढंसं, त्याने काय होणार. याचं उत्तर आम्हाला शाळेच्या गच्चीवरच्या टाकीत सापडलं.

10 अब्ज टनांची एक बादली धरली. समजा टाकीत 59 बादल्या पाणी आहे. दरवर्षी 21 बादल्या आत येतात, 21 बाहेर जातात. पाणी सतत हलतंय, पण पातळी तिथेच. हजारो वर्षं जवळपास असंच चाललं होतं, हवेतलं प्रमाण दहा लाख भागांत 280 च्या आसपास. मग कुणीतरी शेजारच्या बंद विहिरीवर मोटर बसवली आणि वर्षाला एक बादली जास्तीची ओतायला लागला. मोटरवाल्याची बादली 21 च्या मानाने लहान, हे खरं, पण 21 येतात तेव्हा 21 जातात, त्यांचा पातळीशी संबंध नाही, पातळी ठरवते ती जास्तीची बादली. पाणी वाढलं तशी बाहेरची धारही थोडी जोरात जायला लागली, म्हणून त्या बादलीतलं निम्मं निघून जातं, निम्मं टाकीत राहतं. वर्षाला अर्धी बादली. सुरुवातीला बादली अगदी छोटी होती, मग मोठी होत गेली, आणि करता करता 59 ची टाकी आता 89 वर आलीय. प्रमाणात सांगायचं तर 280 चं 2024 मध्ये जवळपास 425 झालं. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये मोजायला सुरुवात केली तेव्हा 315 च्या आसपास होतं, म्हणजे वाढीतला मोठा भाग त्यानंतरचा.

हे टाकीचं उदाहरण घेतल्यावर शीटवर एक बदल केला. इंधनाचा बाण बारीकच ठेवला, खोटं जाड केलं नाही, पण काळा केला, आणि बाकी सगळे बाण जोडीने काढले, जाणारा आणि येणारा शेजारी शेजारी. काळ्या बाणाला जोडीदार नाही. लांबून बघितलं तरी ते एकटेपण दिसतं. जमिनीखाली परत जाणारा बाण निसर्गात आहे, म्हणजे समुद्राच्या तळाशी गाळ साचतो, खडक झिजताना पावसातला कार्बन पकडतात, आपला दख्खनचा काळा पाषाणही ते करतो, पण तो प्रवाह इतका सावकाश आहे की दहाच्या तुलनेत शीटवर पेन्सिलची रेघसुद्धा जाड झाली असती.

कोळशाचा तुकडा तिने घरून आणला. तिचे बाबा ओपनकास्ट खाणीत डंपर चालवतात, त्यांच्या घरी अंगणात असे दोन-चार तुकडे पडलेलेच असतात. प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवला, भरला बरोबर 300 ग्रॅम. हातात धरला की बोटं काळी, एका बाजूला चमक, दुसऱ्या बाजूला मातकट थर. आपल्याकडच्या कोळशात राख पुष्कळ, त्यामुळे त्यात कार्बन 40 टक्के धरला, म्हणजे 120 ग्रॅम. 120 ग्रॅम कार्बन जळला की 440 ग्रॅम सीओटू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती अडखळली, तुकडा 300 चा आणि वायू 440 चा कसा? कारण जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं, कोळशाने ते बाहेरून घेतलं. आणि हा वायू आपल्या हवेच्या तापमानाला जवळपास 245 लिटर जागा घेतो. शाळेच्या मागे पाण्याचा 200 लिटरचा निळा ड्रम आहे, तो पूर्ण भरून वर एक बादली-दोन बादल्या उरेल एवढा. तळहातावर मावणाऱ्या तुकड्यातून. धूर दिसतो तो राख आणि काजळी, हा ड्रमभर वायू दिसतच नाही, म्हणून चिमणीतून पांढरं निघतंय की काळं यावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही.

हा कोळसा वर्धा खोऱ्यातला, 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी इथे दलदलीची जंगलं होती, त्यांची झाडं चिखलात दबली, कुजायला हवा मिळाली नाही, म्हणून त्यांचा कार्बन परत हवेत गेलाच नाही. म्हणजे तेव्हाच्या झाडांनी अर्धवट सोडलेला हिशोब आपण आता पूर्ण करतोय, फक्त कोट्यवधी वर्षांत साठलेलं दोन-तीनशे वर्षांत.

तालमीच्या शेवटच्या दिवशी तिने सामान आवरता आवरता विचारलं, "मॅडम, मग माझे बाबा करतात ते काम वाईट आहे का?" मला याची कल्पना यायला हवी होती. वर्गातल्या निम्म्या घरांचा पगार खाणीतून किंवा थर्मलमधून येतो. मी तिला म्हटलं, बाळा, आकृती फक्त सांगते कार्बन कुठून निघाला आणि कुठे गेला. कोळसा बाबा खणतात, पण तो त्यांच्या एकट्यासाठी नाही खणत, देशातली सत्तर टक्क्यांच्या वर वीज कोळशावर बनते, चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं केंद्र राज्यभर वीज देतं, पुण्या-मुंबईतला पंखा याच बाणावर फिरतो. काळ्या बाणाच्या शेवटी वापरणारे सगळे उभे आहेत. ती काही बोलली नाही, पण रात्री भाषणाची सुरुवात बदलून आली.

परिपाठाला मैदानात साडेतीनशे मुलं, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार झाला आणि ती शीट घेऊन पुढे आली. दोन मुलांनी शीट धरली. सुरुवात तिची अशी होती:

"मी ज्या माईकवर बोलतेय तो विजेवर चालतो. ती वीज बहुतेक कोळशातून आली. तो कोळसा खणायला माझे बाबा रात्रपाळीला गेले होते, ते आत्ता झोपले असतील. मी आज तुम्हाला त्या कोळशातला कार्बन आता कुठे आहे ते सांगणार आहे."

मैदान एकदम शांत झालं. मग तिने चौकोन दाखवले, भाकर सांगितली, टाकी सांगितली, बादल्या बोटांवर मोजल्या. शेवटचा भाग तिचा असा होता: "तुकड्यातले समजा 100 अणू जळाले. त्यातले साधारण 45 हवेत राहिले. 25 च्या आसपास समुद्राने घेतले, म्हणून समुद्राचं पाणी हळूहळू कमी अल्कधर्मी होतंय, पीएच 8.2 चा 8.1 झालाय. उरलेले 30 झाडांनी आणि मातीने घेतले. झाडांकडे आहेत ते झाड उभं आहे तोवर."

आठ मिनिटं दहा सेकंद लागली.

प्रश्नांना वेळ ठेवला होता. दहावीतल्या एकाने विचारलं, हवेत वाढलेला कार्बन कोळशाचाच कशावरून, समुद्रातून नाही कशावरून आला? याची तयारी करून घेतली होती. हवेतल्या कार्बनमध्ये अगदी थोडा कार्बन-14 असतो, तो आपोआप नष्ट होत जातो, 5730 वर्षांत निम्मा. कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशात तो उरलेलाच नाही. त्यामुळे कोळसा जाळला की हवेत कार्बन वाढतो पण कार्बन-14 चा वाटा कमी होतो. हान्स झ्यूस यांनी 1955 मध्ये झाडांच्या वर्तुळांत हे दाखवलं. पुढे अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-14 वाढवला, त्यामुळे नंतरच्या काळातली मोजणी जरा गुंतागुंतीची झाली, पण 1955 ची निरीक्षणं त्या आधी वाढलेल्या लाकडावरची होती. शिवाय हवेतला ऑक्सिजनही थोडा थोडा कमी होतोय, जळताना लागतो तसा. वायू नुसता समुद्रातून उसळून आला असता तर ऑक्सिजन असा खर्च झाला नसता.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं मग झाडं लावून होणार नाही का. आधीच्या भाषणात घोषणा होती, तिथे आता गणित होतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. म्हणजे वाळवून 200 किलो भरेल अशा झाडात 100 किलो कार्बन. घरच्या 14.2 किलोच्या सिलेंडरमध्ये पावणेबारा किलोच्या आसपास कार्बन असतो. वर्षाला आठ सिलेंडर लागणाऱ्या घराचा एका वर्षाचा गॅस म्हणजे जवळपास एक अख्खं झाड, ते तेवढं वाढायला कित्येक वर्षं जाणार, आणि त्यानंतरही ते कुणी तोडून जाळायचं नाही. भाषण करणारी आमची मुलगी म्हणाली, "म्हणून झाडं लावायचीच, पण ती या चौकोनात मोजायची, त्या काळ्या चौकोनात नाही." हे मी शिकवलेलं नव्हतं.

एक चूक मात्र आमच्या दोघींच्या नजरेतून सुटली होती. शीटवर "5" हा आकडा आम्ही बाण म्हणून काढला होता, ढगाच्या बाजूने वर जाणारा. परिपाठ सुटल्यावर पाचवीतला एक मुलगा शीटसमोर उभा राहिला, बोट ठेवून विचारलं, "ताई, हा बाण कुठून निघून कुठे जातो?" ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. कुठेच जात नाही. ती शिल्लक आहे, प्रवाह नाही. दुपारी तिने पांढऱ्या कागदाचा तुकडा कापून त्या बाणावर चिकटवला आणि हवेच्या चौकोनात, 890 च्या खाली, लाल पेनने लिहिलं: दरवर्षी +5.